स्वयंपाकीण पाहिजे, आडनाव कळवा

नोकरीपायी शहर बदलायचं म्हणजे आधी घर मिळत नाही, आणि घर मिळालं की जेवण मिळत नाही. घराचं रडगाणं आपल्या सगळ्यांचं एकच आहे, ते इथं उगाळत नाही. मी जेवणाचंच लिहिणार आहे. आपल्यातली पहिल्या पिढीची नोकरदार जोडपी आता गावं सोडून पुण्या-मुंबईत येतायत आणि प्रत्येक जोडपं तीच ठेच पुन्हा नव्यानं खातंय, म्हणून लिहितो.

आम्ही २०२२ च्या जूनमध्ये नांदेडहून पुण्यात आलो. मी बँकेत कारकून. बायको नर्स, तिला सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या ड्युट्या. आधीच कबूल करतो, मला भात येतो, वरण येतं, अंडी येतात. चपाती येत नाही. भाकरी थापली तर तव्यावर पडायच्या आत तिचा नकाशा होतो. रात्रपाळी करून आलेल्या बाईनं सकाळी उभं राहून नवऱ्याचा डबा करायचा हे काही कुठल्या घटनेत लिहिलेलं नाही, हे मला भाषणात बोलता येत होतं. पण भाषणानं डबा भरत नाही. म्हणून आधी मेसचा डबा लावला.

दोघांचे दोन्ही वेळचे डबे, महिना सात हजार. पहिला आठवडा झकास. पण पहिला आठवडा कुणाचाही झकासच असतो, तो बघून महिन्याचे पैसे भरू नका. डब्याची परीक्षा तिसऱ्या आठवड्यात घ्यायची, आणि तीही पावसाच्या दिवशी. तिसऱ्या आठवड्यात आमच्या लक्षात आलं की रोजची भाजी बदलते, पण रस्सा बदलत नाही. सोमवारी मटकी, मंगळवारी छोले, बुधवारी वाटाणा, आणि तिन्ही दिवस तोच लाल रस्सा, वर तोच तेलाचा तवंग. चपात्या चामड्यासारख्या. गरम गरम चपात्या चळतीनं फॉइलमध्ये गुंडाळल्या की त्यांना घाम सुटतो, मग त्या वातड होतात. पीठ वाईट असेलच असं नाही, घाई वाईट असते. रात्री दोघांच्याही छातीत जळजळ. एका रात्री वरणात चमचा घातला तर तार आली. बायकोनं डबा तसाच बंद केला आणि म्हणाली, "हे दुपारचं नाही, सकाळचं आहे. उद्या जाऊन विचारा."

विचारलं. मालक बिचारा खोटं बोलला नाही. एकशे ऐंशी डबे. तीन बाया पहाटे चारला लागतात. रात्रीच्या डब्याचं वरण दुपारच्याबरोबरच होतं, कारण बाया बाराला जातात. म्हणजे सकाळी आठला शिजलेलं वरण जूनच्या दमट हवेत बारा तास थांबून आमच्यापुढं येणार. त्याला तार येईल नाही तर काय येईल! आपण डबा लावताना विचारतो काय, तर चपात्या किती आणि गोड कधी. विचारायचं असतं, डबे किती, करणारे हात किती, आणि रात्रीचं किती वाजता शिजतं. हे तीन प्रश्न विचारले तर बाकी काही विचारावं लागत नाही. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर टांगलेला असतो, तो असावाच. पण तो नंबर रोज वरणाचा वास घेत नाही.

पुढं शेजारच्या गल्लीत एक बाई सापडल्या. एकट्या बावीस डबे करतात. तेविसावा घेत नाहीत. "माझा ओटा एवढाच आहे," म्हणाल्या. नव्वद रुपयांना एक डबा, महिन्याची सक्ती नाही, फक्त आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं. त्या बाईंचा नंबर आम्ही अजून जपून ठेवलाय. गिरणगावात अशा खाणावळवाल्या बाया घरोघर होत्या, गिरणी कामगारांची पिढी त्यांच्या ताटांवर जगली, आणि सावकारानं मात्र त्यांनाच पिळलं. त्यांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर कुणाच्या लक्षातच नव्हतं की हीसुद्धा कामगारच आहे. असो.

पण रोज दोन माणसांचे दोन वेळचे डबे नव्वदनं घेतले तर महिन्याला दहा हजारांच्या वर जातात. तेवढा पगार नाही. म्हणून बाई शोधायला लागलो. आणि खरी गंमत इथून सुरू झाली.

सोसायटीत वॉचमन हाच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज असतो. त्याला सांगितलं. शेजाऱ्यांनाही सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "भरवशाची बघा बरं का." भरवशाची म्हणजे काय, विचारलं. तर म्हणाले, "आपल्यातली." आता आपल्यातली म्हणजे त्यांच्यातली की माझ्यातली, हे काही त्यांनी सांगितलं नाही, कारण माझं आडनाव त्यांना अजून कळलं नव्हतं. ह्या शहरात "ब्राह्मण स्वयंपाकीण पाहिजे" अशा छोट्या जाहिराती वर्षानुवर्षं छापून आल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मीठ किती घालते, हात किती स्वच्छ, वेळेवर येते का, ह्यातलं एकही अक्षर जाहिरातीत नाही. जन्म कुठं झाला तेवढं कळवा!

पहिली बाई आली. चांगली होती. आल्या आल्या घर बघितलं, ओटा बघितला, मग भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघितला. "दादा, आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. तिनं दोन दिवस काम केलं, तिसऱ्या दिवशी निरोप आला, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या दिवशी तीच बाई त्याच गुडघ्यांवर चौथ्या मजल्यावर चढताना मला दिसली. तिची जात मी इथं लिहीत नाही. गरीब होती, आठ घरांत राबत होती, एवढं सांगतो. तिला माझा राग नव्हता. तिला भीती होती की आमच्याकडं शिजवते हे कळलं तर चौथ्या मजल्यावरचं घर सुटेल. माणसं खालच्याला शिवत नाहीत ते नुसत्या गर्वानं नाही, पोटाच्या भीतीनंही शिवत नाहीत. व्यवस्था म्हणतात ती हीच.

दुसरी बाई डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतून यायची. ती आजही आमच्याकडं आहे. तिनं फोटो बघितला आणि नुसती हसली. आठ दिवसांनी चहा पिता पिता म्हणाली, "ताई, तुमच्याकडं मी माझं खरं आडनाव सांगते. दोन घरांत दुसरं सांगितलंय." बायकोनं विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते ना. त्या केसनंतर तर लय वाटते."

ती केस तुम्हांला आठवत असेल. सप्टेंबर २०१७, पुणेच. हवामान खात्यातल्या एका मोठ्या पदावरच्या बाईंनी पोलिसात तक्रार दिली की स्वयंपाकीणीनं जात लपवून आमचं सोवळं बाटवलं, आम्हांला फसवलं. पोलिसांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदवूनही घेतला! पुढं राज्यभर आरडाओरडा झाल्यावर तक्रार मागं घेतली गेली. पाऊस कधी पडेल ते विज्ञानानं सांगायचं आणि स्वयंपाक कुणी करायचा ते मनूनं. पण मला त्या केसमधली एकच गोष्ट इथं सांगायची आहे. त्या घरात त्या बाईनं सणासुदीचा सगळा स्वयंपाक केला होता. तो खाल्ला गेला होता. चवीची तक्रार नव्हती, उशिराची नव्हती, चोरीची नव्हती. म्हणजे भरवशाच्या सगळ्या कसोट्यांना ती उतरली होती, आणि तरी ती भरवशाची नव्हती. आमची बाई म्हणाली, "मी आडनाव खोटं सांगते, पण मीठ खोटं घालते का?" ह्याच्यावर मी काय बोलणार?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुम्ही जयभीमवाले, तीही आपलीच, मग सगळं गोडीगुलाबीत चाललं असेल. अजिबात नाही. दुसऱ्याच महिन्यात मी तिच्यावर ओरडलो.

ठरलं होतं आठ वाजता. ती यायची सव्वाआठ, साडेआठ, एकदा पावणेनऊ. मला सव्वानऊला निघायचं असायचं. डबा अर्धा भरून मी पळायचो. एक दिवस तोंड सुटलं. म्हणालो, "तुमच्या भरवशावर माझी नोकरी जायची." ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी घरून उशिरा निघत नाही. पहिलं घर मला उशिरा सोडतं."

मग एका रविवारी तिला बसवून दिवस मांडला. तिची घरं पाच. साडेसहा, आठ, साडेनऊ, अकरा, आणि संध्याकाळी पाच. आम्ही दोन नंबरला. पहिल्या घरातल्या आजी रोज काहीतरी वाढवतात. आज पाहुणे आहेत, चार चपात्या जास्त कर. आज खोबरं खवून दे. आज डबे पुसून दे. वीस मिनिटं तिथं गेली की आमच्याकडं वीस मिनिटं उशीर, तिसऱ्या घरी पोचेपर्यंत अर्धा तास, आणि अकराच्या घरात ती रोज बोलणी खाते. तिथल्या बाई म्हणतात, बाई बेभरवशाची आहे. म्हणजे खोबरं कुणी खवून घ्यायचं आणि बदनाम कुणी व्हायचं!

आता काम किती ते बघा. आम्हां दोघांचे दोन डबे आणि रात्रीसाठी थोडं, मिळून बारा चपात्या. एका चपातीला साधारण तीस ग्रॅम पीठ, म्हणजे रोजचं साडेतीनशेच्या वर. मळायला दहा मिनिटं, लाटून भाजायला पंचवीस. तेवढ्यात एका शेगडीवर कुकर होतो. भाजी निवडायची, चिरायची आणि फोडणीला टाकायची म्हटलं की अर्धा तास, मेथी असली तर त्याहून जास्त. ओटा पुसून बाहेर पडेपर्यंत सव्वा तास. लोक बोलताना म्हणतात, "तासाभराचं तर काम आहे." ज्यानं आयुष्यात मेथी निवडली नाही तोच असं म्हणतो. मीही म्हणालो होतो.

आणि पैसे? आम्ही महिना साडेतीन हजार देत होतो, सव्वीस दिवस, सव्वा तास. भागाकार केला तर तासाला जवळपास एकशे आठ रुपये पडतात. ऐकायला बरं वाटतं. पण पाच घरं म्हणजे सव्वासहा तास उभं काम, आणि घर ते घर चालणं धरून दिवसाचे आठ तास. सगळ्या घरांनी साडेतीनच दिले असं धरलं तर साडेसतरा हजार, भागिले दोनशे आठ तास. चौऱ्याऐंशी रुपये उरतात. चालण्याचे पैसे कुणीच देत नाही, कारण ती चालते ते कुणाच्याच घरात नसतं.

कायद्याकडं बघाल तर २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी होते, तिनं ती करून घ्यावी आणि आपण त्यासाठी तिला अर्धा दिवस द्यावा. पण तो कल्याणाचा कायदा आहे. पगार किती, सुट्ट्या किती, हे तो तुमच्या स्वयंपाकघरात येऊन ठरवत नाही. ते ह्या शहरातल्या मोलकरणींनी १९८० साली संप करून, संघटना बांधून स्वतः मागायला सुरुवात केली. आज दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा प्रघात पुण्यात दिसतो, तो काही मालकिणींना स्वप्नात सुचला नाही.

तर त्या रविवारी आम्ही काय केलं? पहिलं म्हणजे नंबर बदलला. ती म्हणाली, आजी-आजोबा जेवतातच अकराला, त्यांना सव्वाआठ चालेल, "बाई लवकर आलेली बरी" म्हणून साडेसहाला बोलावतात. तिनं त्यांच्याशी बोलून ते घर मागं सारलं. आम्ही साडेसहा मागितले. तर अडचण निघाली पाण्याची. वस्तीत नळ साडेपाचला येतो आणि साडेसहाला जातो. दाब कमी असला की रांग सरकत नाही. पाणी भरल्याशिवाय ती निघूच शकत नाही. शेवटी पावणेसात ठरले, आणि पाणी नडलं तर साडेसहाला एक मिस्ड कॉल. मिस्ड कॉल आला की मी कुकर लावतो, कांदा चिरतो, आणि वीस मिनिटांचा उशीर तिथंच मिटतो. तुम्हीही बाई ठरवाल तेव्हा तिच्या घराचा पत्ता विचारण्याआधी विचारा, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं, आणि आमचं घर तुमच्या किती नंबरवर आहे. आडनावातून हे कळत नाही.

दुसरं म्हणजे भाजी रात्रीच निवडून ठेवायची. हे काम माझ्याकडं आलं. बायको ड्युटीवर असली की मी मेथी निवडत बसतो. रात्रीचा भातही माझ्याकडं. म्हणून बाई एकाच वेळी येते आणि आमचं भागतं.

तिसरं सुट्टीचं. रविवार सुट्टी, वर महिन्याला दोन भरपगारी खाडे, पण आदल्या रात्री आठच्या आत कळवायचं, म्हणजे बावीस डब्यांच्या बाईंना सांगता येतं. आठच्या आत दोघींचीही वेळ जुळते म्हणून तीच वेळ धरली. कॅलेंडरवर दोघांनी खुणा करायच्या, म्हणजे महिनाअखेर "तीन झाल्या की चार" ही कटकट नाही. आणि आम्ही दहा दिवस नांदेडला गेलो तर पगार कापायचा नाही. ह्यावर माझा एक सहकारी हसला. म्हणाला, काम नाही तर पगार कसला? अरे, ती चपात्या विकत नाही. ती पावणेसात ते आठ हा वेळ विकते. तू दहा दिवस गावाला गेलास म्हणून तो वेळ दहा दिवसांसाठी दुसरं कोण विकत घेणार आहे? तुझ्या बँकेला रविवारी सुट्टी असते, तेव्हा तुझा पगार कापतात काय?

वर्षानं पाचशे वाढवले. एवढं करूनही ती कधी आलीच नाही असं झालंय. मुलगा आजारी पडला, फोन बंद, दोन दिवस पत्ता नाही. त्या दोन दिवसांत माझ्याही तोंडात तेच आलं, "ह्यांचं हे असंच असतं." ह्यांचं! कोण हे? माझ्या आईनं नांदेडात वीस वर्षं लोकांची भांडी घासली. त्या घरांतही कुणीतरी हेच म्हणालं असणार, त्याच सुरात. तोंडातला शब्द तोंडातच ठेवला, पण आला होता, हे लपवत नाही.

मागच्या हिवाळ्यात आई पुण्याला आली. पहिल्याच पहाटे उठून ओट्यापाशी गेली आणि सगळी मांडणी बघायला लागली. मला वाटलं डबे बघतेय. ती कप बघत होती. म्हणाली, "हिचा कप कुठाय रं?" म्हणालो, हिचा वेगळा कप नाही आई. ती काही बोलली नाही. तिचा स्वतःचा कप कुठल्या घरात न्हाणीच्या खिडकीत असायचा, कुठल्या घरात तुळशीमागं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बाई पावणेसातला आली. आईनं आधीच कणीक मळून ठेवलेली बघून तिचं तोंड पडलं. "आजी, माझं काम काहून घेता?" आईनं तिला खाली बसवलं, दोन ग्लासांत सारखा चहा ओतला आणि विचारलं, "पगार किती देतो हा?" तिनं सांगितला. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. कणकेचा गोळा बोटांनी दाबत म्हणाली, "पीठ लय जाड दळून आणतोस तू. हिची मनगटं दुखत असतील."